दात काढल्यानंतर रक्त आणि जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दात काढून दवाखान्यातून निघताना पेशंटच्या तोंडात गॉजचा बोळा असतो, अर्धा ओठ बधिर असतो आणि लक्ष सगळं घड्याळाकडे असतं, गर्दीच्या आधी लोकल मिळेल का म्हणून. त्यामुळे तोंडी सांगितलेल्या सूचनांतल्या निम्म्या दारातच राहतात. मग रात्री फोन सुरू होतात. त्या फोनवर जे विचारलं जातं, तेच इथे लिहिलं आहे. हे साध्या पद्धतीने काढलेल्या दाता-दाढेसाठी आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

गॉज किती वेळ धरून ठेवायचा? मध्ये काढून बघितला तर चालेल का?

पाऊण तास ते एक तास. आणि नाही, बघायचा नाही.

दात निघाला की हाडात खड्डा राहतो आणि त्यात रक्त भरतं. ते रक्त तिथेच गोठून खड्ड्याच्या भिंतींना धरून बसलं की रक्तस्राव थांबतो. हीच गुठळी पुढे आतल्या हाडाचं झाकण होते आणि तिच्यातूनच नवीन मांस भरत जातं. गॉजचं काम रक्त टिपून घेण्याचं नाही, दाब देण्याचं आहे. पेशंट दर पाच मिनिटांनी गॉज काढून आरशात बघतो, तेव्हा नुकती धरू लागलेली गुठळी गॉजला चिकटून बाहेर येते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. गॉज लाल झाला म्हणून बदलायचीही गरज नसते. तो लाल होणारच.

दातांनी घट्ट, पण जबडा दुखणार नाही इतपत दाबून धरा. तोंड बंद ठेवा. या तासाभरात फोनवर बोलू नका. बोललं की गॉज जागचा हलतो आणि शेजारच्या दातावर जाऊन बसतो. मग दाब पडतो दातावर, आणि खड्डा तसाच वाहत राहतो.

दवाखाना दादरला, घर डोंबिवलीला. प्रवासात काय करू?

शक्य असेल तर पहिला अर्धा तास दवाखान्यातच बसा. आम्हीही तेच सुचवतो, कारण रक्त थांबतंय की नाही हे तिथेच दिसतं. निघताना दोन-तीन जादा गॉज मागून घ्या. गाडीत थुंकायला जागा नसते, आणि एका परीने ते बरंच. तोंडात जमलेली लाळ गिळून टाका. थोडं रक्त पोटात गेल्याने अपाय होत नाही. फार गेलं तर मळमळ होते, पण तितकं रक्त येत असेल तर गिळत बसण्याऐवजी पुन्हा दाब द्यायला हवा.

थुंकायचं का नाही? तोंडात रक्ताची चव येते, ती सहन होत नाही.

थुंकताना आपण गाल आत ओढतो आणि तोंडात पोकळी तयार करतो. त्या ओढीने गुठळी सुटते. स्ट्रॉने नारळपाणी पिणं, सिगरेटचा झुरका घेणं, जोरात चूळ भरणं, खड्डा जिभेने चोखत राहणं, या सगळ्यांत तीच ओढ असते. पहिले २४ तास यातलं काहीच नको.

अगदीच राहवत नसेल तर बेसिनवर वाकून तोंड उघडा आणि लाळ आपोआप पडू द्या. चव घालवायला गॉज काढल्यानंतर पेल्याने साधं गार पाणी प्या. पाणी पिणं आणि चूळ भरणं यातला फरक लक्षात ठेवला तरी बराच त्रास वाचतो.

लाळ लालसर येतेय, सकाळी उशीवर डाग होता. रक्त थांबलं नाही का?

बहुतेक वेळा थांबलेलं असतं. पहिल्या दिवसभर लाळेत गुलाबी छटा राहते, सकाळी उशीवर डागही दिसतो. दोन थेंब रक्त तोंडभर लाळेत मिसळलं की वाटीभर रक्त गेल्यासारखं वाटतं. घरचे घाबरतात ते यानेच.

खरा रक्तस्राव ओळखायला स्वच्छ गॉजने खड्ड्यावरची लाळ हलकेच टिपा आणि उजेडात एक मिनिट बघा. खड्ड्यात गडद लाल गुठळी शांत बसलेली दिसली तर ठीक आहे. ताजं, लालभडक रक्त भरभर वर येऊन गालात साचत असेल, तर तो रक्तस्राव समजायचा.

रात्री पुन्हा रक्त सुरू झालं. घरी काय करायचं?

हा फोन सगळ्यात जास्त येतो, म्हणून एक प्रसंग धरून सविस्तर सांगते.

समजा साठीतल्या एका काकांची खालची दाढ संध्याकाळी सहाला काढली. हृदयासाठी ते रोज इकोस्प्रिन ७५ ही अॅस्पिरिनची गोळी घेतात. सातला गॉज काढला तेव्हा रक्त थांबलेलं होतं. साडेआठला घरी पोहोचून त्यांनी कपभर कढत चहा घेतला. नऊच्या सुमारास बधिरपणा उतरला आणि दहापासून तोंडात रक्त येऊ लागलं. त्यांनी बेसिनवर उभं राहून चुळा भरायला सुरुवात केली, आणि जितक्या चुळा तितकं रक्त. अकराला त्यांच्या मुलीने फोन केला: बाबांच्या तोंडात काळपट काहीतरी लोंबतंय.

यात काय झालं ते बघा. भुलीच्या इंजेक्शनमध्ये बहुधा अॅड्रेनलिन असतं आणि ते तिथल्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. काही तासांनी त्याचा असर उतरतो, वाहिन्या मोकळ्या होतात आणि थांबलेलं रक्त पुन्हा झिरपू लागतं. त्याच वेळी गरम चहाने वाहिन्या आणखी रुंदावल्या. इकोस्प्रिनमुळे गुठळी धरायला मुळातच वेळ लागत होता. वरून चुळांनी जी धरत होती तीही निघत राहिली.

आता ते लोंबणारं काळपट. खड्ड्यात घट्ट बसलेली गुठळी चांगली. पण रक्त बराच वेळ हळूहळू येत राहिलं तर लाळेत मिसळून खड्ड्याच्या बाहेर कलेजीच्या तुकड्यासारखा मऊ, बुळबुळीत गोळा तयार होतो. तो कशालाच धरलेला नसतो आणि त्याच्याखालून रक्त चालूच राहतं. बरेच जण ‘गुठळी काढू नका’ हे ऐकलेलं असल्याने त्याच्यावरच गॉज ठेवतात, आणि दाब खड्ड्यापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून त्या मुलीला सांगायचं ते असं. बाबांना खुर्चीत ताठ बसवा, आडवं करू नका. हात धुवा. ओल्या गॉजने बाहेर लोंबणारा गोळा तेवढा पुसून काढा, खड्ड्याच्या आत खरवडू नका. दुसरा गॉज पाण्यात बुडवून पिळा, सुपारीएवढी जाड घडी करा आणि नेमकी खड्ड्यावर ठेवा. घडी इतकी जाड हवी की दात मिटताना आधी तिच्यावर दाब यावा. मग घड्याळ लावून ३० मिनिटं. बोलायचं नाही, उघडून बघायचं नाही. गॉज आधी ओला करायचा, कारण कोरडा गॉज गुठळीला चिकटतो आणि काढताना तिलाही घेऊन येतो. बहुतेक वेळा इतक्याने रक्त थांबतं.

गॉज संपला असेल तर स्वच्छ धुतलेल्या सुती रुमालाची घडी चालते. सुटा कापूस नको, त्याचे तंतू खड्ड्यात राहतात. घरात टी-बॅग असेल तर ती गरम पाण्यात भिजवून, पूर्ण गार करून, पिळून गॉजसारखी धरता येते. चहातल्या टॅनिनमुळे रक्त गोठायला थोडी मदत होते. पण मुख्य काम दाबाचंच. टी-बॅग शोधायला रात्री कोणी दुकानं धुंडाळू नयेत.

मग त्या रात्रीची इकोस्प्रिन घ्यायची की नाही?

घ्यायची. ही गोळी रक्तातल्या प्लेटलेट्सवर काम करते आणि एकदा असर झालेली प्लेटलेट तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात पूर्ववत होत नाही. म्हणजे आजची एक गोळी चुकवल्याने आजचं रक्त थांबणार नाही. हृदयात स्टेंट असलेल्याने मात्र स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या, तर होणारं नुकसान दाढेच्या रक्ताहून कितीतरी मोठं असू शकतं. क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कोणतीही गोळी असो, बदल करायचा तो हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि दात काढण्याआधी दंतवैद्याला या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. म्हणजे खड्ड्यात रक्त थांबवणारा स्पंज ठेवून टाका घालण्याची तयारी आधीच करता येते.

दुखतंय म्हणून घरातली डिस्प्रिन घेऊ नका, तीही अॅस्पिरिनच आहे. लिहून दिलेली गोळीच घ्या. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी मेट्रोनिडाझोल लिहून दिलं असेल तर दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण त्याने वॉर्फरिनचा असर वाढतो. आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू कोणीच घेऊ नये.

दवाखान्यात किंवा हॉस्पिटलमध्ये कधी धाव घ्यायची?

वर सांगितल्याप्रमाणे अर्ध्या-अर्ध्या तासाचा दाब दोनदा नीट दिला आणि तरी ताजं रक्त येतंय, तर घरी तिसरा प्रयोग नको. आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. रात्री ते मिळाले नाहीत तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. केईएम, सायन, नायर इथे तो रात्रभर चालू असतो. दिवसा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय जवळ पडत असेल तर तिथेही जाता येईल. जाताना तोंडात गॉज दाबलेलाच असू द्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

चक्कर येतेय, घाम फुटलाय, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, सूज जिभेखाली किंवा गळ्याकडे पसरतेय, यातलं काहीही असेल तर गॉजच्या अर्ध्या तासाची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

आठवड्याभराने अचानक रक्त आलं तर त्यामागे बहुधा जंतुसंसर्ग असतो. ते घरी दाबून ठेवण्यापेक्षा दाखवून घ्या.

जेवायचं कधी?

बधिरपणा पूर्ण उतरल्यावर. खालच्या दाढेच्या भुलीला साधारण दोन ते चार तास लागतात. तोवर ओठ, गाल, जीभ चावली गेली तरी कळत नाही. लहान मुलांमध्ये हे हमखास होतं. गंमत वाटून ती बधिर ओठ चघळत बसतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून येतो. मूल असेल तर तो वेळ नुसतं त्याच्याकडे लक्ष ठेवा.

तोवर पाणी किंवा गार दूध पेल्याने घोट घोट घेता येतं. मधुमेहाच्या पेशंटनी मात्र ‘दात काढलाय म्हणून आज काही खाल्लं नाही, पण गोळी घेतली’ असं अजिबात करू नये. गोळी किंवा इन्सुलिन असेल तर वेळेवर पोटात काहीतरी जायलाच हवं. त्यासाठी दुपारची अपॉइंटमेंट घेण्यापेक्षा नाश्ता करून सकाळची घेणं सोपं.

पहिल्या दिवशी नेमकं काय खायचं?

गार किंवा कोमट, मऊ, आणि चावावं लागणार नाही असं. आपल्या घरात याची कमी नाही. मऊ दहीभात (फोडणीतली मोहरी-मिरची वगळून), भाताची पेज, नाचणीची आंबील, गार केलेलं वरण आणि गुरगुट्या भात, कुस्करलेलं केळं, ताक. आईस्क्रीम चालतं, पण वाटीत चमच्याने, कोन आणि सुकामेवा नको. ‘थंड खाल्ल्याने सूज वाढेल’ असं आजी सांगतील. इथे उलट आहे, पहिल्या दिवशी गारव्याने वाहिन्या आवळतात. मधुमेह असेल तर आईस्क्रीमऐवजी गार ताक किंवा दही घ्या.

घास दुसऱ्या बाजूने घ्या. चहा सुटत नसेल तर बशीत ओतून कोमट झाल्यावर प्या, फुर्र करून ओढू नका. ते सुद्धा ओढणंच झालं.

चपाती, मासे, वडापाव कधीपासून?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ खिचडी, इडली सांबारात भिजवून, मऊ उपमा, उकडलेलं अंडं, आमटीत कुस्करलेली चपाती. मासे खाणाऱ्यांना काटे काढून पापलेट चालेल, तिखट रस्सा नको. पुढे जसं दुखणं कमी होईल तसं नेहमीचं जेवण, पण आठवडाभर त्या बाजूने चावू नका.

तिखटाने गुठळी विरघळते वगैरे काही नाही, फक्त झोंबतं. खरा त्रास बारीक आणि टोकदार पदार्थांचा. शेव, चिवडा, भेळ, पाणीपुरीची पुरी, शेंगदाण्याचं कूट, तीळ. कण खड्ड्यात जाऊन बसतात, किंवा टोक उघड्या हिरडीला लागतं. हे एक-दोन आठवडे लांब ठेवा. वडापावातला वडा कुस्करून चौथ्या-पाचव्या दिवशी खाल्ला तर माझी हरकत नाही. सुकी चटणी मात्र राहू द्या.

माझा उपवास आहे. काय करू?

दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या की पित्त उसळतं, म्हणून निर्जळी उपवास त्या दिवशी नको. फराळ चालत असेल तर साबुदाण्याची खिचडी टाळा, त्यात कूटही आहे आणि चिकटपणाही. त्याऐवजी साबुदाण्याची पातळ पेज, मऊ वरीचे तांदूळ, ताक, केळं. दात काढणं थांबण्यासारखं असेल तर तारीखच पुढे ढकला.

मशेरी लावल्याशिवाय मला सकाळी चालत नाही.

हे बायका हळूच विचारतात, आणि विचारतात ते बरंच. मशेरी, तंबाखू, गुटखा, सिगरेट, यांतलं काहीही किमान तीन दिवस नको, आठवडाभर टाळलं तर उत्तम. मशेरीची पूड खड्ड्यात जाते आणि निकोटिनने वाहिन्या आवळल्याने जखमेला रक्त कमी पडतं. खड्ड्यात हळद, तुरटी किंवा लवंगेचं तेल भरणंही नको. लवंगेचं तेल उघड्या जखमेला पोळतं.

ब्रश आणि चुळा?

त्याच रात्री बाकीचे दात हलक्या हाताने ब्रश करा, खड्ड्याची जागा सोडा. पेस्ट थुंकू नका, पडू द्या. २४ तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, विशेषतः जेवणानंतर, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी तोंडात घेऊन मान हळू इकडेतिकडे कलवायची आणि सोडून द्यायचं. खळखळून नाही. असं आठवडाभर.

खड्ड्यात पांढरट-पिवळट थर दिसतोय. पू आहे का?

बहुधा नाही. दोन-तीन दिवसांनी गुठळीवर असा थर येतो, तो भरून येण्याचाच भाग आहे. काडीने किंवा जिभेने काढू नका. दुखणं रोज थोडं कमी होत असेल तर काळजी नाही.

उलट, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी अचानक वाढलं, कळ कानापर्यंत जाऊ लागली, तोंडाला घाण वास येतोय आणि खड्डा रिकामा, आत हाड दिसतंय, तर गुठळी निघून गेलेली आहे. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेला आणि धूम्रपान करणाऱ्यांना ते जास्त होतं. गोळ्यांनी ही कळ नीट थांबत नाही. दवाखान्यात खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की बहुतेकांना लवकर आराम पडतो, म्हणून दात-ओठ खाऊन सहन करत बसू नका.

झोप, कपालभाती, जिम?

पहिल्या रात्री दोन उशा घेऊन झोपा. गालावर बाहेरून रुमालात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं ठेवा, १५ मिनिटं काढा, असं पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. तिसऱ्या दिवसानंतर वाढतच राहिली किंवा ताप आला तर दाखवा. जिम, शीर्षासन, कपालभाती आणि पाण्याची घागर उचलणं तीन-चार दिवस बंद.

वरची मागची दाढ काढली असेल तर नाक जोरात शिंकरू नका, आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. पाणी पिताना ते नाकातून येऊ लागलं तर लगेच कळवा. दाढेची मुळं सायनसच्या अगदी जवळ असतात, तिथे छोटी वाट पडलेली असू शकते.

टाके काढायला यावं लागेल का?

विरघळणारे असतील तर नाही, ते आपोआप सुटतात. आधीच लोंबू लागले तरी ओढू नका. काळे रेशमी असतील तर पाच ते सात दिवसांनी यावं लागतं, दोन मिनिटांचं काम आहे. हिरडी वरून बंद व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर जेवणानंतर त्या खळग्यात भाताचं शीत अडकणारच. मिठाच्या पाण्याने निघतं. टूथपिकने काढायला जाऊ नका.